दीडपट वाढवलेला तराजू

रावेर तालुक्यातील केळी खरेदीच्या एका केंद्रावर वजनाची नोंद करणारा जुना प्रोग्राम चालतो. त्याची बटणे लहान चित्रांची आहेत: घड, ट्रक, पावती आणि तराजू. ही चित्रे 16 पिक्सेल रुंद आणि 16 उंच असून कोणीतरी एकेक ठिपका बसवून, विचारपूर्वक काढली होती. केंद्राने नवे, बारीक पिक्सेलचे पडदे घेतले, विंडोजचे प्रमाण 150 टक्के ठेवले आणि 16 च्या जागी 24 चे चित्र लागू लागले. तिथून हे काम जळगावात माझ्या टेबलावर आले.

ते येण्याआधी त्याचे दोन टप्पे होऊन गेले होते. पहिल्या टप्प्यात प्रोग्राम स्वतःच चित्र ताणत होता आणि शेजारच्या रंगांची सरासरी काढत होता, त्यामुळे काळ्या रेषा करड्या झाल्या आणि सगळी बटणे धुक्यात बुडाल्यासारखी दिसली. हमालांनी तक्रार केल्यावर प्रोग्राम सांभाळणाऱ्या मुलाने नियरेस्ट नेबर ही पद्धत लावली. या पद्धतीत नव्या चित्रातला प्रत्येक पिक्सेल जुन्या चित्रातल्या सर्वांत जवळच्या एकाच पिक्सेलचा रंग जसाच्या तसा उचलतो. मधला रंग तयारच होत नाही. धुके गेले, कडा कोरीव आल्या आणि त्याने काम संपले असे कळवले. मोठे करून पाहण्याची तसदी अशा वेळी कोणी घेत नाही, हा माझा जुना अनुभव आहे.

पडद्यावरचा तराजू पाहून माल घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याने काट्यावर बसलेल्या कारकुनाला विचारले, “भाऊ, तुमच्या तराजूची एकच दोरी जाड कशी?” वजनाच्या ठिकाणी हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. एका बाजूची दोरी एक पिक्सेल जाडीची, तर दुसरीकडची दोन पिक्सेलची झाली होती, आणि मधला खांब एका बाजूला सरकला होता. खालच्या पारड्यांत वजन ठेवलेलेच नाही, तरीही एक बाजू जड वाटत होती.

हे का घडते, ते 16 चे 24 करताना बोटांवर मोजता येते. दीडपट म्हणजे जुन्या दर दोन स्तंभांना नवे तीन स्तंभ. पिक्सेल अर्धा कापता येत नाही, म्हणून दोनपैकी एक स्तंभ एकदाच येतो आणि दुसरा दोनदा. पुढेही एक, दोन, एक, दोन असाच क्रम चालतो. आता मधोमध आरसा ठेवल्यासारखे सममित चित्र घ्या. डावी दोरी तिसऱ्या स्तंभात असेल, तर उजवी चौदाव्या स्तंभात येते. अशा प्रत्येक जोडीची बेरीज 17, म्हणजे एक स्तंभ विषम आणि दुसरा सम. परिणामी जोडीतील एक रेषा नेहमीच दुप्पट होते आणि दुसरी कधीच होत नाही. कोणती दुप्पट होईल, हे तो प्रोग्राम नमुना पिक्सेलच्या कोपऱ्यातून घेतो की मध्यातून, यावर ठरते. म्हणून एका प्रोग्राममध्ये डावी बाजू जाड दिसते, तर दुसऱ्यात उजवी. खांब दोन स्तंभांचा होता, तो तीन झाला. आणि 24 या सम रुंदीत तीनचा खांब मधोमध बसूच शकत नाही.

पद्धतीला दोष देण्यात अर्थ नव्हता. दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पूर्णांक पटीत तीच पद्धत अगदी बिनचूक चालते, कारण प्रत्येक ठिपक्याचा सारख्याच मापाचा चौकोन होतो. चूक होती ती पट निवडण्यात. मी आधी बटणाची जागाच 32 करण्याचा आग्रह धरला; तो सर्वांत स्वच्छ मार्ग होता. मात्र त्या प्रोग्रामच्या बटणांची मापे आत पक्की बांधलेली आहेत आणि मूळ लिहिणारा आता कुठे आहे, हे केंद्रात कोणालाही ठाऊक नाही.

त्यामुळे घड, ट्रक आणि पावतीसाठी मधला मार्ग घेतला: आधी तिप्पट करून 48 करायचे, तेही नियरेस्ट नेबरनेच, आणि मग सरासरी काढत निम्मे करायचे.

```
magick ghad.png -sample 300% -scale 50% ghad24.png
```

यात दर दोन जुन्या स्तंभांचे तीन होतात, पण वाटणी समान राहते: पहिला शुद्ध रंगाचा, मधला दोघांच्या मिश्रणाचा, तिसरा पुन्हा शुद्ध. सममिती टिकते आणि करडेपणा फक्त त्या मधल्या स्तंभापुरता उरतो. केळीच्या घडाला तो शोभूनही दिसतो. तराजूची एक पिक्सेलची दोरी मात्र यात एका शुद्ध आणि एका फिकट स्तंभाची होते, आणि मला तराजूत फिकट काहीही नको होते. म्हणून तो एकटा 24 च्या चौकटीत नव्याने काढला: दोन्ही दोऱ्या एकेक पिक्सेलच्या, कडांपासून समान अंतरावर, आणि खांब दोनचा, बरोबर मध्यात. चित्र एवढेसे आहे, पण पारड्याच्या खालच्या वळणाला किती ठिपके द्यायचे यावरच माझा बराच वेळ गेला.

पुढे केंद्राने हाच तराजू बाहेरच्या फलकावर चार फूट रुंद मागितला. पडद्यावरचे चित्र आणि फलकावरचे चित्र एकच दिसावे, म्हणजे न वाचणाऱ्या माणसालाही खिडकी सापडेल, अशी त्यांची इच्छा होती. इथे चौकोन दिसणेच अपेक्षित होते, म्हणून मूळ 16 चे चित्र घेऊन ते 225 पट, 3600 पिक्सेलचे केले. एका इंचात 75 पिक्सेल धरले तर हे बरोबर 48 इंच होतात आणि एकेक चौकोन 3 इंचांचा पडतो. फाईल पीएनजीमध्ये ठेवली, कारण जेपीईजी अशा तीक्ष्ण कडांभोवती मळकट ठिपके सोडते.

फ्लेक्सवाल्याचा फोन आला, “भाऊ, फाईल फुटलेली आहे, मी जरा स्मूथ करून घेतो.” आपल्याकडे छपाईच्या दुकानात चौकोन दिसला की फोटो फुटला, हे समीकरण इतके घट्ट बसले आहे की चौकोन मुद्दाम ठेवले असतील, हे कोणाला पटत नाही. मी त्याला समजावले की छपाईच्या यंत्राने कडेला थोडी सरासरी काढलीच, तरी ती 3600 च्या फाईलमध्ये इंचाच्या पंचाहत्तराव्या भागाएवढी होईल आणि रस्त्यावरून दिसणार नाही. उलट मूळ 16 ची फाईल दिली असती, तर तीच सरासरी तीन इंच पसरली असती. तो मान्य झाला, पण नाराजीने.

त्याची नाराजी सर्वस्वी चुकीची नव्हती. त्याच फलकासाठी केंद्राने आपले गोल बोधचिन्ह मोबाईलवर आलेल्या लहानशा फोटोच्या रूपात पाठवले होते आणि तेही “तसेच कोरीव” हवे होते. त्या फोटोत गोलाच्या कडेला आधीच फिकट होत जाणारे रंग होते. ते नियरेस्ट नेबरने वाढवले असते, तर प्रत्येक फिकट ठिपक्याचा एक पायऱ्यापायऱ्यांचा चौकोन झाला असता आणि अक्षरे तुटली असती. जिथे ठिपका चित्रकाराने स्वतः ठेवलेला नसतो, कॅमेऱ्याने किंवा स्कॅनरने ठेवलेला असतो, तिथे त्याची कड जपण्यात काही अर्थ नसतो. ते बोधचिन्ह मी रेषांमध्ये पुन्हा रेखाटले, म्हणजे कोणत्याही मापाला ते चालेल. दोन चित्रे, एकच फलक आणि दोन उलट उत्तरे, हे केंद्राच्या व्यवस्थापकांना अजूनही माझ्या लहरीचे वाटते.

आता त्यांनी आणखी काही यंत्रे घेतली आहेत आणि त्यांचे प्रमाण 125 टक्के आहे. म्हणजे 16 चे 20: दर चार स्तंभांतील एकच दुप्पट होतो आणि तराजूची दोरी पुन्हा असमान पडते. तिथे पाचपट करून एक चतुर्थांश करावे लागेल, पण त्यात पाचपैकी तीन स्तंभ मिश्रणाचे होतात आणि एवढ्या लहान चित्राला ते झेपत नाही. मी तिथेही तराजू हाताने काढण्याचा दर कळवला आहे. त्यांचे म्हणणे असे की 24 चा काढलेला आहेच, तोच जरा लहान करून द्या.