मावशीचे मिटलेले डोळे आणि डेप्थ मॅप: मास्कच्या कामाची नोंद

सत्यनारायणाच्या दिवशी काढलेले दोन फोटो. आजी खुर्चीत बसलेली, तिच्या मागे मावशी उभी, मावशीचा एक हात आजीच्या खांद्यावर. मागे भिंत. पहिल्या फोटोत (त्याला ‘अ’ म्हणू) आजी झकास हसते आहे, पण मावशीचे डोळे मिटलेले. दुसऱ्यात (‘ब’) मावशी छान, आजी मात्र भलतीकडेच बघते आहे. मावशीच म्हणाली, “माझी ती दुसरीतली लाव ना इथं.” म्हणून ‘ब’मधली मावशी ‘अ’मध्ये आणायची. त्यासाठी मास्क लागतो, म्हणजे फोटोतला कुठला भाग घ्यायचा आणि कुठला नाही ते सांगणारं काळंपांढरं चित्र. आयफोन तिवईवर होता, पोर्ट्रेट मोड चालू होता आणि फोकस-एक्सपोजर लॉक केलेलं होतं, एवढं नशीब.

पहिली संध्याकाळ नुसती फाइली उतरवण्यात गेली. व्हॉट्सॲपवरून आलेल्या प्रतीत डेप्थचा, म्हणजे कोण कॅमेऱ्यापासून किती लांब आहे या माहितीचा, पत्ताच नसतो, त्यामुळे केबल लावली. फोनच्या सेटिंगमध्ये फोटो संगणकावर पाठवताना मूळ रूपातच ठेवायचे, असा पर्याय आहे. तो निवडला नाही तर वाटेतच जेपीईजी होऊन जातं. एकेका फोटोच्या दोन फाइली मिळाल्या, IMG_4127.HEIC आणि IMG_E4127.HEIC. नावात E असलेलीत पोर्ट्रेटची धूसरता भाजून पक्की झालेली असते. मास्कसाठी ती घेऊ नका. दोन फोटोंमधली धूसरता सारखी नसते आणि जोडावर भिंतीची लकेर उमटते. E नसलेली घेतली आणि आतली सगळी चित्रं बाहेर काढली:

```
heif-convert --with-aux IMG_4127.HEIC a.png
```

(लिबहाइफच्या नव्या आवृत्तीत याच आज्ञेचं नाव heif-dec आहे.) मुख्य चित्र ४०३२×३०२४. सोबत डेप्थ मॅप, ७६८×५७६. नावात portraiteffectsmatte असलेला माणसांचा मॅट, म्हणजे माणसं पांढरी आणि बाकी सगळं काळं असं चित्र, २०१६×१५१२. शिवाय केस आणि त्वचेचे वेगळे मॅट. hdrgainmap नावाचंही एक करडं चित्र निघतं. पहिल्या दिवशी मी त्यालाच डेप्थ समजून अर्धा तास घालवला! ओळखायची खूण सोपी आहे: त्यात समईची ज्योत सगळ्यात पांढरी दिसते, जवळचं माणूस नाही.

आता मुद्द्याचं. मॅटची कड सुरेख असते, मावशीच्या कानामागची सुटी बटसुद्धा त्यात येते. पण मॅटला माणसं मोजता येत नाहीत. आजी आणि मावशी मिळून एकच पांढरा डाग. डेप्थ मॅपला दोघी वेगळ्या कळतात, पण त्याचा एक ठिपका फोटोतल्या सव्वापाच ठिपक्यांएवढा जाड. म्हणजे कुठे कोण आहे ते डेप्थला विचारायचं आणि कड कुठे आहे ते मॅटला.

डेप्थ मॅप म्हणतो खरा, पण त्यात अंतर नसून अंतराचा व्यस्त असतो, म्हणजे एक भागिले मीटर. जवळचं ते पांढरं. आणि ०ते २५५ ही पट्टी प्रत्येक फोटोत वेगळी ताणलेली असते. तिची टोकं त्या चित्राला चिकटलेल्या एक्सएमपी माहितीत FloatMinValue आणि FloatMaxValue या नावांनी असतात. माझ्या ‘अ’मध्ये ती ०.२० आणि ०.७० होती. आजी साधारण १.६ मीटरवर, म्हणजे ०.६२५, करड्या पट्टीत २१७. मावशी २.२ मीटरवर, ०.४५५, म्हणजे १३०. भिंत ३.२ मीटरवर, जेमतेम ५७. आजी-मावशीत ८७ पायऱ्यांचं अंतर, भरपूर झालं. १७३च्या वरची ती आजी, असं ठरवलं. तोच आकडा ‘ब’ला लावला तर आजीचे गुडघे तेवढे निवडले गेले, कारण तिथे कोणाचा तरी हात कॅमेऱ्याजवळ आल्यामुळे पट्टीचं वरचं टोक बदललं होतं. तेव्हापासून आधी आकडे परत व्यस्त मीटरमध्ये आणतो, मगच सीमा लावतो:

```python
d = fmin + (g / 255.0) * (fmax - fmin)
aaji = np.clip((d - 0.50) / 0.08, 0, 1)
```

सीमा एकदम तोडलेली नाही, ०.५०पासून ०.५८पर्यंत उतरती ठेवली आहे. हा मास्क मोठा करून मॅटने गुणला, की आजी वेगळी होते.

खरी गंमत पुढे आहे. मी दोन दिवस मावशीची भिंतीकडची कड घासत बसलो होतो, आणि मग लक्षात आलं की ती कड लागणारच नाहीये. तिवई हललेली नाही, म्हणजे दोन्ही फोटोंत भिंत तीच. मावशीभोवतीची वीतभर भिंतही ‘ब’मधूनच उचलली तर कुणाला कळणार? उलट ती उचलायलाच हवी, नाहीतर ‘अ’मधल्या मावशीचा कान नव्या मावशीच्या डोक्यामागून डोकावतो. म्हणून त्या बाजूला मास्क ऐसपैस पसरवला, कडेला ४० ठिपक्यांचा मऊपणा दिला. कसोटी फक्त एका रेषेवर: आजीचं डोकं आणि खांदे जिथे मावशीच्या साडीवर येतात तिथे.

त्या रेषेवर मॅटचा काही उपयोग नाही, दोन्हीकडे पांढरंच आहे. तिथे डेप्थची जाड कड फोटोच्या रंगांवर बसवावी लागते. ओपनसीव्हीच्या जादा मोड्यूलमधला गायडेड फिल्टर वापरला, त्रिज्या २४, eps ०.०००१ (फोटो ०ते १मध्ये आणून). आजीचे पांढरे केस आणि मावशीची हिरवी साडी, तिथे कड अशी बसली की बघत राहावं. आजीच्या शालीचा काळपट काठ आणि साडीच्या निरीची सावली एक झाली तिथे फिल्टर घसरला, आणि तेवढी दोन बोटं कड गिंपमध्ये ब्रशने हाताने काढली. रंगच सारखे असतील तर फिल्टर तरी काय करणार?

आजी किती सरकली तेही बघावं लागतं. पुढे ठेवायची आजी ‘अ’मधली, पण ‘ब’मधल्या आजीचा एक ठिपकाही यायला नको. म्हणून मास्कमधून दोन्ही आज्या वजा केल्या. ‘ब’मध्ये ती जरा डावीकडे कलली होती, त्यामुळे मध्ये एक पट्टी राहिली जी ‘ब’मधून घेता येत नाही. मला वाटलं, भोक पडणार. पण त्या जागी ‘अ’मध्ये मावशीची साडीच दिसते आहे! फक्त निऱ्यांची रेघ एका ठिकाणी तुटली, ती क्लोनने जोडली.

मास्कच्या दिशेचं एक सांगायचं राहिलं. फोन तिवईवर उलटा बसवला होता, आणि एका साधनाने मुख्य चित्र फिरवून दिलं पण डेप्थ तसाच ठेवला. १८० अंशांचा घोळ असल्याने मापं तंतोतंत जुळतात आणि चूक दिसत नाही, फक्त मास्क लावल्यावर आजीच्या जागी छताचा पंखा निवडलेला असतो.

शेवटची अडचण मावशीच्या हाताची. खांद्यावरची बोटं आजीइतकीच कॅमेऱ्याजवळ आहेत, म्हणून डेप्थच्या हिशेबी ती आजीची. परिणामी बोटं ‘अ’मधली, दंड ‘ब’मधला, आणि मनगटावर जोड. लांबून काहीच कळत नाही, पण २०० टक्क्यांवर बघितलं तर एक बांगडी अर्धीच होती. शेवटी संपूर्ण पंजा मास्कमधून वगळला आणि जोड कोपराच्या खाली, साध्या त्वचेवर नेला. तिथे ‘ब’ची त्वचा किंचित पिवळट पडली, म्हणून त्या लेयरचा निळा कर्व्ह भिंतीवर जुळवून एवढासा वर केला. बांगड्या आता चारही पुऱ्या आहेत.