आमची वाटचाल: आठ लेबलं, एकच अक्षर

म्हापशात आमचा छोटा व्यवसाय आहे. गृहनिर्माण संस्थांच्या रहिवाशांकडून येणाऱ्या तक्रारी वाचायच्या, त्यांवर लेबल लावायचं आणि प्लंबर, वायरमन किंवा सफाईवाल्याकडे पोचवायच्या, एवढंच काम. मेसेज मराठीत येतात, कोकणीत येतात, 'kalchean udak yena' असे रोमन अक्षरांतल्या कोकणीतही येतात. लेबलं मात्र आठच.

लेबल लावायचं काम आम्ही भाषा-मॉडेलकडून करून घेतो. सुरुवातीला त्याला फक्त सूचना द्यायचो: यादीतलं एकच लेबल लिही. उत्तर कधी 'पाणी बंद' यायचं, कधी 'पाणी बंद.', कधी 'ही तक्रार पाण्याबद्दल आहे'. अर्थ बरोबर असला तरी पुढच्या प्रोग्रामला हवा असलेला शब्द जुळायचा नाही. प्रत्येक नव्या रूपासाठी एक नवी अट लिहिणं हे काम संपणारं नव्हतं.

मग ग्रामर, म्हणजे मॉडेलच्या उत्तराला कोणतं रूप चालेल याचे नियम, वापरायला लागलो. मॉडेल मजकूर टोकन नावाच्या छोट्या तुकड्यांत लिहितं आणि दर पायरीला आपल्या सगळ्या टोकनांना गुण देतं. ग्रामर त्या पायरीला न चालणाऱ्या टोकनांचे गुण उणे अनंत करतं, म्हणजे त्यांची शक्यता शून्य होते आणि उरलेल्यांतूनच निवड होते. आम्ही मॉडेल llama.cpp या प्रोग्रामवर चालवतो; त्यात हे नियम GBNF नावाच्या पद्धतीने फाइलमध्ये लिहितात. आमची पहिली फाइल सरळ होती: आठही मराठी लेबलं पर्याय म्हणून एकापुढे एक. यादीबाहेरचा शब्द यायचा बंद झाला. पण चुकीची लेबलं वाढली, आणि कारण सापडायला वेळ लागला.

एक मेसेज घेऊन सांगतो: 'तळमजल्यावर न्हाणीच्या जाळीतून पाणी वर येतं.' योग्य लेबल 'सांडपाणी तुंबलं'. समजा मॉडेलच्या मनात त्याची शक्यता ०.३६ आहे आणि 'पाणी बंद' ०.१८, 'पाणी गळती' ०.१७, 'पाणी गढूळ' ०.१३. एकेकटं पाहिलं तर सांडपाणीच पुढे आहे. पण मॉडेल डावीकडून एकेक तुकडा लिहितं. पहिल्या तुकड्यापाशी तीन 'पाणी' लेबलांची बेरीज ०.४८ होते, ती ०.३६ वर मात करते. एकदा 'पाणी' लिहिलं की माघार नाही. ग्रामर त्याला त्या तिघांतच कोंडून ठेवतं. उत्तर येतं 'पाणी बंद', म्हणजे प्लंबर टाकी तपासायला गच्चीवर जातो आणि खाली जाळी तशीच वाहत राहते.

देवनागरीत हा त्रास जास्त जाणवतो. UTF-8 मध्ये 'पाणी' या शब्दाला १२ बाइट लागतात, आणि बऱ्याच टोकनायझरमध्ये त्याचे अनेक तुकडे पडतात. जितके तुकडे जास्त, तितक्या चुकीच्या वाटेला लागायच्या जागा जास्त.

उपाय साधा निघाला. मॉडेलकडून मराठी लेबल लिहूनच घेत नाही. प्रॉम्प्टमध्ये 'A: पाणी बंद', 'D: सांडपाणी तुंबलं' अशी यादी देतो, मॉडेल एक अक्षर देतं, आणि मराठी नाव आमचा प्रोग्राम लावतो.

```
root ::= "A" | "B" | "C" | "D" | "E" | "F" | "G" | "X"
```

प्रत्येक अक्षर एकच टोकन आहे ना, हे `llama-tokenize` ने आधी तपासून घ्यावं. तसं असेल तर निवड एकाच पायरीत होते आणि बेरजेचा घोळ उरत नाही.

इथे रिकाम्या जागेची एक खोच आहे. 'A' आणि आधी स्पेस असलेला ' A' ही वेगवेगळी टोकनं आहेत. प्रॉम्प्ट 'उत्तर:' वर संपला आणि मॉडेलला स्पेससकट अक्षर लिहायचं असेल, तर ग्रामर त्याची पहिली पसंतीच कापतं. ओळखायची खूण अशी, की अगदी स्पष्ट तक्रारींनाही आठ अक्षरांची मिळून शक्यता फार कमी दिसते. मग ग्रामरमध्ये प्रत्येक अक्षराआधी `" "?` घालतो, किंवा मॉडेलला मजकूर द्यायचा ठरलेला साचा, म्हणजे चॅट टेम्प्लेट, नीट लावतो.

ही शक्यता बघणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ग्रामर लावल्यावर मॉडेल काहीतरी निवडणारच. 'गणेश चतुर्थीच्या शुभेच्छा' असा मेसेज आला तरी. म्हणून X, 'यातलं काही नाही', ठेवणं भागच आहे, आणि तेवढ्यावरही भागत नाही. `llama-server` ला `n_probs` दिलं की ग्रामर लावण्याआधीच्या शक्यता `logprob` रूपात मिळतात (`post_sampling_probs` चालू करू नये, तिथे कापणीनंतरचे आकडे येतात). आठ अक्षरांची बेरीज ०.५ खाली गेली, किंवा पहिल्या दोघांत ०.१ पेक्षा कमी अंतर राहिलं, तर ती तक्रार आमच्याकडचं माणूस वाचतं. या मर्यादा आमच्या मेसेजांवरून ठरवल्या आहेत. तुमच्या वेगळ्या येतील.

अक्षरांचा एक दोष राहतो: काही मॉडेलं यादीतल्या वरच्या पर्यायाकडे झुकतात. म्हणून हाताने लेबलं लावलेले दोनशे मेसेज आम्ही बाजूला ठेवले आहेत. नवं लेबल आलं की तेच मेसेज यादीचा क्रम तीनदा बदलून चालवतो. क्रम बदलल्यावर ज्या मेसेजांचं उत्तर बदलतं, त्यांच्या लेबलांचं वर्णन प्रॉम्प्टमध्ये पुन्हा लिहितो, आणि मगच नवी फाइल चालू करतो.