एका मेसेजचे नऊ दिवस

इंदिरानगरातल्या एका टू बीएचकेच्या मालकांना मेसेज लिहायला मला नऊ दिवस लागले. फ्लॅट सहा महिने दुसऱ्या एजंटकडे होता, विकला गेला नाही, करार संपला. पोर्टलवरून जाहिरात उतरली आणि अर्धं नाशिक त्या काकांवर तुटून पडलं. ‘आमच्याकडे पार्टी तयार आहे’ हेच प्रत्येकाचं पहिलं वाक्य. माझ्याही मसुद्यात तेच होतं. पार्टी कुठली तयार! पाठवलं नाही ते बरं.

गाडी अडली ती एकाच जागी. नवीन काय करणार ते सांगायचं, पण जुन्या एजंटला नावं ठेवायची नाहीत. त्याला काकांनीच निवडलं होतं. त्याला बोललं की ते काकांना लागणार. दुसऱ्या मसुद्यात मी ड्रोन, व्हिडिओ, पेड जाहिराती असं सगळं कोंबलं. बायकोने वाचलं आणि म्हणाली, “यात त्यांचा फ्लॅट कुठंय?”

मग जुनी जाहिरात नीट पाहिली. (स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, उतरल्यावर मिळत नाही.) किचनचा फोटो रात्रीचा, टाइल्सवर फ्लॅशचा पांढरा गोळा. ‘९५० फूट’ लिहिलेलं, पण कार्पेट की बिल्टअप ते नाही. झाकलेलं पार्किंग आहे, त्याचा उल्लेखच नाही. शेवटी हे पाठवलं:

“नमस्कार काका. तुमच्या वरच्या मजल्यावरचा फ्लॅट मी विकला होता, त्या मालकांकडून तुमचा नंबर घेतला. आधीचा करार चालू असेल तर हा मेसेज सोडून द्या. जाहिरातीत कार्पेट आणि पार्किंग आलं नव्हतं. मी टेपने मोजून, सकाळच्या उजेडात फोटो काढून नवी जाहिरात आधी तुम्हाला दाखवीन. नाही पटली तर काही देणं नाही. मी पुन्हा मेसेज करणार नाही.”

आमचे सर रोज म्हणायचे, “फोन कर रे.” केला नाही, शेवटची ओळ मीच लिहिली होती ना! पाचव्या दिवशी उत्तर आलं, “कमिशन किती?” एवढंच. मी ऑफिसात टेबलावर थाप मारली.

हां, किंमत मेसेजमध्ये मुद्दाम नव्हती. ती समोर बसून, त्याच बिल्डिंगमधल्या अलीकडच्या व्यवहारांच्या सूची दोनच्या, म्हणजे सरकारी नोंदणीच्या उताऱ्यांच्या, प्रती दाखवूनच बोलावी. काकांनी त्या चष्मा लावून दोनदा वाचल्या आणि भाव मात्र आपलाच ठेवला.

अजून एक, करार करण्याआधीच हे करायचं: जुन्या एजंटने दाखवलेल्या पार्ट्यांची नावं काकांकडून लिहून घेतली. त्यांतलं कुणी उद्या परत आलं तर दलाली कुणाची, यावरून भांडण नको. यादीत चार नावं निघाली. त्यांतल्या एकाला मी गेल्याच आठवड्यात दुसरा फ्लॅट दाखवला होता.