पाणी तळाला, बॉल मध्यावर

एंडोक्राइनच्या पहिल्या तासाला मी वर्षानुवर्षं एकच स्लाइड दाखवत आले होते. रक्तातली साखर, स्वादुपिंड, यकृत, स्नायू, आणि या सगळ्यांभोवती फिरणारे बाण. काही बाणांवर अधिक, काहींवर वजा. मुलं ती आकृती वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत जशीच्या तशी काढायची. त्यामुळे त्यांना ती समजलीय असं मी धरून चालले होते.

त्या दिवशी सहज विचारलं, "जेवणानंतर साखर वाढली. निगेटिव्ह फीडबॅक आहे, तर इन्सुलिनचं काय होईल?" अर्ध्याहून जास्त वर्गाचं उत्तर होतं, "कमी होईल." पहिल्या बाकावरच्या मुलीने कारणही दिलं, "मॅडम, निगेटिव्ह म्हणजे कमी करणारं ना?"

तिची चूक नव्हती. वजाचं चिन्ह कशाला लावलंय, ते माझ्या स्लाइडवर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

फ्लशच्या टाकीतला बॉल व्हॉल्व्ह एका पारदर्शक टबला बसवून मी प्रयोगशाळेत ठेवला होता. दुसऱ्याच एका धड्यासाठी केलेली ती जोडणी होती. ती उचलून टेबलावर आणली, वरच्या नळाला नळी लावली, टबच्या तळाचा छोटा कॉक थोडा उघडा ठेवला. पाणी चढू लागलं तसा बॉल वर आला, दांडी कलली आणि येणारी धार बारीक होत गेली. तळाचा कॉक आणखी उघडला, तर पाणी उतरलं, बॉल खाली गेला, धार पुन्हा मोठी झाली.

"आता नावं देऊया," मी म्हटलं. "पाण्याची पातळी म्हणजे रक्तातली साखर. येणारी धार म्हणजे उपाशीपोटी यकृत रक्तात सोडतं ती साखर. तळाचा कॉक म्हणजे मेंदू आणि बाकी शरीर वापरतं ती. आणि बॉलची उंची म्हणजे स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन किती सोडतायत ते."

वर्गात क्षणभर शांतता होती. मग मागून आवाज आला, "म्हणजे पाणी वाढलं की बॉल वाढतो, आणि धार कमी होते. वजा तिथे आहे."

तिथेच आहे. इन्सुलिन साखरेसोबत वर जातं आणि साखरेसोबतच खाली येतं. उलटं होतं ते पुढच्या टप्प्यावर, यकृताच्या तोंडाशी. पूर्ण फेरा मारून आलात की मूळ बदलाला विरोध झालेला असतो, एवढाच निगेटिव्हचा अर्थ.

टाकीच्या मर्यादाही तेव्हाच सांगितल्या. बॉलला फक्त येणारी धार बंद करता येते, चढलेलं पाणी तो उपसू शकत नाही. इन्सुलिन मात्र स्नायू आणि चरबीच्या पेशींची दारं उघडून साखर आतही घेतं. पातळी खाली गेली, तर टाकीत बॉल नुसता उतरतो. शरीरात साखर साधारण 80 मिलिग्रॅमपर्यंत आली की इन्सुलिन उतरू लागतं, आणि 65 ते 70च्या आसपास ग्लुकागॉन हे स्वादुपिंडाचंच दुसरं हार्मोन यकृताचा व्हॉल्व्ह स्वतःहून उघडायला येतं. हे दोघं वेगवेगळे आहेत, आणि टबमध्ये मला दुसरा दाखवता येत नाही.

खरं काम पुढे झालं. मधुमेहतज्ज्ञ सहकाऱ्याने शिकवण्यासाठी नाव काढून दिलेला एक रिपोर्ट मी पडद्यावर लावला. जेवण लांबलं की या रुग्णाला घाम फुटायचा, बोलणं असंबद्ध व्हायचं आणि साखर दिली की काही मिनिटांत तो सावरायचा. देखरेखीखाली उपाशी ठेवल्यावर लक्षणं आली, त्या क्षणी घेतलेल्या रक्तात साखर 44 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि इन्सुलिन 9 मायक्रोयुनिट प्रति मिलिलिटर होतं. शेजारच्या रकान्यात प्रयोगशाळेची मर्यादा छापलेली होती: 2 ते 25.

"इन्सुलिन नॉर्मल आहे," वर्ग म्हणाला. "मग साखर दुसऱ्या कशाने कमी झाली असेल."

मी काही बोलले नाही. वरचा नळ बंद केला, तळाचा कॉक पूर्ण उघडला आणि टब जवळजवळ रिकामा होऊ दिला. मग एका दोऱ्याने बॉल मध्यावर टांगून धरला आणि नळ पुन्हा सुरू केला. व्हॉल्व्हमधून पाणी थेंबथेंब येत होतं, तळातून मात्र निघूनच जात होतं.

"बॉल कुठे आहे?"

"मध्ये."

"ही उंची नॉर्मल आहे?"

पहिल्या बाकावरची तीच मुलगी उठून जवळ आली, टबमध्ये वाकून पाहत म्हणाली, "टाकी भरलेली असती तर नॉर्मल. पाणी तळाला असताना बॉल इथे असायलाच नको."

छापलेली मर्यादा निरोगी माणसांची असते, म्हणजे ज्यांच्या टाकीत पाणी नेहमीच्या पातळीला आहे त्यांची. साखर 55च्या खाली गेली असताना बीटा पेशी जवळपास गप्प व्हायला हव्यात. तेव्हा इन्सुलिन 3 किंवा त्याहून जास्त सापडणं हेच वावगं, मग 9 तर उघडच. इन्सुलिनचा आकडा साखरेशिवाय एकटा वाचला की निदान हातातून सुटतं.

आता बॉल अडकला कशाने? वर्गाने बीटा पेशींची गाठ, म्हणजे इन्सुलिनोमा, लगेच सांगितला. तेवढ्यात एका मुलाने पुढे येऊन दोरा सोडला. बॉल खाली पडला, पाणी धो धो आलं. मग त्याने व्हॉल्व्हच्या तोंडावर अंगठा दाबला. धार थांबली, टब रिकामा होत गेला आणि बॉल तळाला लोंबकळत राहिला.

"मॅडम, कोणी बाहेरून इन्सुलिन टोचलं तर असं होईल ना? व्हॉल्व्ह बंद, पण बॉल खालीच."

हे मी ठरवून आणलं नव्हतं, पण त्याहून चांगलं मला सुचलं नसतं. बीटा पेशीत प्रोइन्सुलिन तुटतं तेव्हा इन्सुलिनच्या प्रत्येक रेणूमागे सी-पेप्टाइडचा एक रेणू सुटतो. टोचायच्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. म्हणजे बॉलची खरी उंची सी-पेप्टाइड दाखवतं. रक्तातलं इन्सुलिन अंगठ्याचंही असू शकतं. या रुग्णाचं सी-पेप्टाइड 1.9 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर होतं आणि एवढ्या कमी साखरेला 0.6च जास्त मानतात. बॉल खरोखरच वर होता.

त्या मुलाने लगेच पुढचा प्रश्न काढला, "पण दोरा कोणी बांधला, हे सी-पेप्टाइड सांगेल?"

नाही सांगणार. सल्फोनिलयुरिया जातीच्या मधुमेहाच्या गोळ्या बीटा पेशीतलं तेच पोटॅशियमचं दार बंद करतात, जे एरवी साखर जळून तयार झालेल्या एटीपीने बंद होतं. पेशीला वाटतं साखर भरपूर आहे. इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड दोन्ही वर जातात, अगदी गाठीसारखेच. म्हणून त्याच रक्तात या गोळ्यांची तपासणी केल्याशिवाय गाठ शोधायला स्कॅनकडे धावायचं नाही. या रुग्णात ती तपासणी निगेटिव्ह आली होती, आणि नंतर स्वादुपिंडाच्या शेपटीकडे छोटी गाठ सापडली.

तास संपला तेव्हा टेबल आणि माझी ओढणी दोन्ही ओली होती. त्या संध्याकाळी मी जुनी स्लाइड उघडली, सगळे बाण काढले आणि फक्त दोन उभ्या पट्ट्या ठेवल्या: एक पाण्याची, एक बॉलची. खाली एकच प्रश्न लिहिला: पाणी इथे असताना बॉल कुठे असायला हवा?