क्रिएटिनिन १.१ वरून १.५

ओपीडी संपत आली असताना ५८ वर्षांच्या एक काकू मुलाबरोबर आल्या आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाल्या, "डॉक्टर, किडनी गेली का हो माझी?" त्यांना १४ वर्षांपासून मधुमेह आहे, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू होते आणि लघवीतून बरेच अल्ब्युमिन हे प्रथिन जात असल्याने पाच आठवड्यांपूर्वी मीच डॅपाग्लिफ्लोझिन सुरू केले होते. किडनीचे गाळण घटले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन तेव्हा १.१ होते, ते आता १.५ झाले होते, आणि रिपोर्ट पाहून आदल्या दिवशी त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी या दोन्ही गोळ्या बंद केल्या होत्या.

मी औषधांची पिशवी टेबलावर ओतायला सांगितली. तीत डायक्लोफेनॅकची अर्धी संपलेली पट्टी निघाली. गुडघे दुखतात म्हणून तीन आठवडे त्या दिवसातून दोनदा ही गोळी घेत होत्या. ती कोणी थांबवली नव्हती, कारण दुखण्याच्या गोळीला आपल्याकडे औषध समजतच नाहीत. ती कोणी सांगत नाही आणि खेदाची गोष्ट म्हणजे आम्हीही अनेकदा विचारत नाही.

मूत्रपिंडातील प्रत्येक गाळणीला, म्हणजे ग्लोमेरुलसला, रक्त आत आणणारी एक धमनिका असते आणि बाहेर नेणारी दुसरी. या दोन्हींच्या आकुंचनावर मधला दाब, आणि म्हणून गाळण, ठरते. गाळलेला द्रव नलिकेतून लांब फेरी मारून पुन्हा आपल्याच ग्लोमेरुलसपाशी येतो आणि तिथे, दोन्ही धमनिकांच्या बेचक्यात, मॅक्युला डेन्सा नावाच्या पेशी त्यातील मीठ जोखतात. मीठ जास्त आले, म्हणजे गाळण वाढले, असा त्यांचा हिशेब असतो. मग तिथे ॲडेनोसिन तयार होऊन आत येणारी धमनिका आवळली जाते. मीठ कमी आले तर ती सैल होते, शिवाय रेनिन सुटते आणि त्यातून तयार होणारे अँजिओटेन्सिन बाहेर नेणारी धमनिका आवळून दाब टिकवते.

मधुमेहात नेमका हा हिशेब चुकतो. नलिकेचा सुरुवातीचा भाग जादा ग्लुकोज परत घेताना त्याच्यासोबत सोडियमही ओढून घेतो, मॅक्युला डेन्सापर्यंत मीठ कमी पोहोचते, आणि गाळण आधीच जास्त असूनही ते कमी पडते आहे असे समजून आत येणारी धमनिका उघडीच ठेवली जाते. हा जादा दाब वर्षानुवर्षे सोसून गाळणी झिजते. डॅपाग्लिफ्लोझिनने ग्लुकोज आणि सोडियमचे हे परत घेणे अडते, मीठ पुढे पोहोचते आणि दाब उतरतो. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडे वाढणे हा औषध लागू पडत असल्याचाच भाग असतो. साधारण ३० टक्क्यांपर्यंतच्या वाढीसाठी ते थांबवू नये.

परंतु काकूंची वाढ ३६ टक्क्यांची होती आणि ती डॅपाग्लिफ्लोझिनच्या माथी मारून मोकळे होता येत नव्हते. आत येणारी धमनिका गरजेच्या वेळी प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनामुळे उघडी राहते आणि डायक्लोफेनॅक तेच बनू देत नाही. दुसऱ्या बाजूला टेल्मिसार्टनने बाहेर नेणारी धमनिका सैल केलेली असते. आत येणे अरुंद आणि बाहेर जाणे मोकळे झाले, की मधला दाब धरून ठेवायला काही उरत नाही. त्यात या बाईंना जुलाब लागून अंगातले पाणी कमी झाले असते, तर क्रिएटिनिन १.५ वर थांबले नसते.

जुलाब, उलट्या किंवा उभे राहिल्यावर चक्कर असे काही नव्हते, रक्तदाब १३८/८४ होता आणि पोटॅशियम ४.९. मी फक्त डायक्लोफेनॅक बंद केले, थांबवलेल्या दोन्ही गोळ्या दुसऱ्या दिवसापासून पुन्हा घ्यायला सांगितल्या आणि गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल व शेक सुचवला. दहा दिवसांनी क्रिएटिनिन १.२५ आले. दोन महिन्यांनी ते १.२ वर स्थिर होते आणि लघवीतील अल्ब्युमिन ६२० वरून ३४० वर आले होते.

फॅमिली डॉक्टरांना मी दोष देत नाही. क्रिएटिनिन थोडे वाढेल, घाबरू नका आणि दुखण्याची गोळी घेऊ नका, या दोन ओळी मी पहिल्याच चिठ्ठीवर लिहायला हव्या होत्या, आता लिहितो.

एक गोष्ट मात्र अजून मनात घोळते. टाइप १ मधुमेहात याच गटातील एम्पाग्लिफ्लोझिन आत येणारी धमनिका आवळते असे दिसले आहे, तर टाइप २ च्या रुग्णांवरील नेदरलँड्समधील अभ्यासात डॅपाग्लिफ्लोझिनने बाहेर नेणारी धमनिका सैल होत असल्याची चिन्हे मिळाली. तसे असेल तर काकूंच्या बाबतीत टेल्मिसार्टन आणि डॅपाग्लिफ्लोझिन ही दोन्ही औषधे एकाच टोकाला काम करत होती आणि आत येणारी धमनिका आवळण्याचे काम बहुतांशी एकटे डायक्लोफेनॅक करत होते.