मुंजीची तारीख आणि दुबईची रजा

रजेच्या अर्जात दोनच गोष्टी विचारतात: जाणार कधी आणि परत येणार कधी. मुंजीच्या बाबतीत त्या दोन्ही फोंड्याचे आमचे भटजी, पंचांग आणि भाऊबंदांच्या घरची खुशाली मिळून ठरवतात. 2025 साली आमच्या धाकट्याची मुंज केली. तेव्हापासून इथले गोंयकार मित्र ‘रजा कशी बसवलीस’ म्हणून विचारत असतात, तर एकदाच सगळं सांगून टाकतो.

आधी इथला कायदा. अमिरातीत एक वर्ष नोकरी झाली की वर्षाला तीस दिवसांची भरपगारी रजा मिळते. पण ती कधी घ्यायची हे कामाच्या सोयीने ठरतं आणि मालक आपल्याशी बोलून ते ठरवतो. मुंजीसाठी म्हणून वेगळी रजा नाही. जवळचं माणूस गेल्यावर मिळणारी रजा नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं, आजीआजोबा, नातवंडं एवढ्यांपुरतीच आहे. वडिलांचा चुलतभाऊ त्यात बसत नाही. सुतक मात्र त्याचंही दहा दिवस लागतं, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

आता मुहूर्तांचा हिशोब. मुंज उत्तरायणात, माघापासून ज्येष्ठापर्यंत, आणि होईल तेवढी शुक्ल पक्षात. वद्य पक्षात पंचमीपर्यंत चालवून घेतात. त्यातून गुरू-शुक्राचा अस्त वजा करायचा. 2025 मध्ये वैशाख शुद्ध पक्ष एप्रिलच्या शेवटापासून 12 मेच्या पौर्णिमेपर्यंत होता. मुलांना सुट्टी, पाऊस नाही, म्हणून आम्ही तोच धरला. त्यानंतर ज्येष्ठाचा शुद्ध पक्ष 28 मे ते 11 जून. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गुरूचा अस्त, तो उगवेपर्यंत आषाढी एकादशी होऊन चातुर्मास लागलेला. म्हणजे ज्येष्ठ हुकला की थेट पुढच्या वर्षीचा माघ.

परदेशातल्या माणसाला हे ध्यानात यायला वेळ लागतो. मुंज पुढे ढकलली म्हणजे पुढच्या रविवारी केली असं होत नाही. ती एकदम पंधरवडा, महिना, नाहीतर आठ महिने उडी मारते. म्हणून भटजींकडे पहिली तारीख मागतानाच दुसरीही मागून घ्यायची आणि दोघींत निदान अकरा दिवसांचं अंतर ठेवायचं. सुतक असो की सोयर, दहा दिवसांचं असतं. त्याहून जवळची राखीव तारीख एकाच बातमीने पहिलीबरोबर बुडू शकते. आमच्या भटजींनी मेचा दुसरा आठवडा आणि जूनचा पहिला आठवडा अशा दोन तारखा कागदावर लिहून फोटो धाडला. खाली पेनाने एक ओळ होती, ‘धाकटा आहे म्हणून ज्येष्ठ चालेल.’ पहिल्या अपत्याचं मंगलकार्य ज्येष्ठ महिन्यात टाळतात. थोरल्याची मुंज असती तर जूनचा हा रस्ताच बंद होता.

ऑफिसात मी दोन्ही तारखा एकाच मेलमध्ये दिल्या. मे पक्का, पण घरी कुणी गेलं तर जून, आणि दोन्हीतली एकच रजा घेणार. साहेब इजिप्तचे. ‘महिनाभर आधी कळत नाही म्हणजे काय,’ असं त्यांनी विचारलं खरं, पण जून म्हटल्यावर त्यांच्याच लक्षात आलं की ती बकरी ईदची सुट्टी आहे, आणि तीही चंद्र दिसल्याशिवाय पक्की होत नाही. पुढे समजावण्याची वेळ आली नाही. तिकीट तारीख बदलता येईल असं काढलं. ते महाग पडतं. मुंजीच्या खर्चात मांडवाच्या शेजारी लिहायचा हा आकडा आहे, असं माझं मत.

आणि झालं तेच. मेच्या मुहूर्ताला चार-पाच दिवस असताना सावर्ड्याचे चुलतकाका गेले. बाबांनी फोनवर एवढंच विचारलं, ‘तिकीट अजून वापरलं नाहीस ना?’ देवळाचं सभागृह आणि आचारी यांची दुसरी तारीख आधीच बोलून ठेवलेली होती, म्हणून तिथे फारसं अडलं नाही.

आता जून हातचा जाऊ द्यायचा नव्हता. इथे भटजींनी नांदीची वाट दाखवली. नांदीश्राद्ध होऊन देवक बसलं की कार्य सुरू झालं असं धरतात आणि त्यानंतर आलेलं सुतक किंवा सोयर कर्त्याला त्या कार्यापुरतं आड येत नाही. एरवी आपण नांदी मुंजीच्या दिवशी सकाळी किंवा आदल्या दिवशी उरकतो. पण शास्त्रात तिला मुदत दिली आहे: लग्नाला दहा दिवस आधीपर्यंत, मुंजीला सहा, चौलाला तीन. म्हणजे सहा दिवसांच्या आत केव्हाही नांदी घालून तारीख बांधून घेता येते.

याची किंमत रजेत मोजावी लागते. मुलाचा बाप कर्ता, त्यामुळे नांदीला तो पाटावर बसायला हवा. शुक्रवारी रात्री उतरून रविवारी मुंज लावून सोमवारी ऑफिस, हा बेत मग जमत नाही. देवक उठवल्याशिवाय निघायचं नाही, तेव्हा परतीचं तिकीटही एक दिवस पुढे. मी मेच्या मानाने रजा जवळजवळ दुप्पट मागितली. ईदचे दिवस जोडून आल्याने ती मिळाली, पण त्याच दिवसांमुळे विमानाचं भाडंही चढलं.

मुंजीच्या चार दिवस आधी नांदी झाली. पाऊस त्या वर्षी मे संपायच्या आतच गोव्यात उतरला होता. मांडवाच्या पत्र्यांवर असा ताशा वाजत होता की भटजींना संकल्प ओरडून सांगावा लागला. दोन दिवसांनी चुलतभावाच्या बायकोला दिवस भरायच्या आधीच मुलगा झाला. नांदी राहिली असती तर सोयराने जूनही गेला असता. ती झाली होती म्हणून मुंज लागली. चुलतभावाकडची माणसं तेवढी विधीपासून लांब राहिली. (घरातलंच अगदी जवळचं कुणी गेलं तर नांदी झाली म्हणून कुणी मुंज लावत बसत नाही, हे वेगळं सांगायला नको.) सोयराचा अंदाज खरं तर आधी येतो. भाऊबंदांत कोण गरोदर आहे, कितवा महिना आहे, हे तारीख मागण्याआधी आईला किंवा काकीला विचारून ठेवा. लग्न होऊन गेलेल्या बहिणीचं बाळंतपण यात मोजत नाहीत, ती दुसऱ्या गोत्रात गेली.

बारशाचं त्यामानाने सोपं आहे. जन्माचा दिवस पहिला धरून बारावा दिवस येतो, पण बाळ डॉक्टरांच्या तारखेला येईलच असं नाही, म्हणून फोन आल्यावरच तिकीट काढावं. बारावा दिवस चुकला तरी पुढे चांगला दिवस बघून नाव ठेवतात. शिवाय इथल्या कायद्यात आईला किंवा बापाला बाळासाठी पाच कामाचे दिवस भरपगारी मिळतात आणि ते जन्मापासून सहा महिन्यांत कधीही घेता येतात. ते वार्षिक रजेतून कापले जात नाहीत. बरेच जण ते दवाखान्यातून घरी आल्याबरोबर संपवतात. बाळंतपण माहेरी, गोव्यात असेल तर ते बारशासाठी राखून ठेवावेत आणि जन्मदाखला हातात आला की लगेच अर्ज टाकावा.