एकाच नंबरची दोन बिलं

"बिलाच्या अ‍ॅपचा प्लॅन संपला त त्यातली बिलं उडते का हो भाऊ?"

नाही उडत. नागपूरच्या इतवारीत दुकानांचे हिशेब लिहितो, त्यामुळे हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बिल आधी त्या मोबाईलमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्येच साठतं आणि मग सिंक होऊन सर्व्हरवर जातं. प्लॅन संपला की बहुतेक अ‍ॅपांत हे दुसरं पाऊल थांबतं. बिल बनतं, छापलं जातं, गिऱ्हाईक घेऊन जातं आणि दिवसभर कोणाला काही कळत नाही. खरी अडचण नंबरांची होते.

भांड्यांच्या दुकानातले एक काका मला फार जवळचे. दुकानात दोन गल्ले: कॉम्प्युटरवर काका, दारापाशी मोबाईलवर पुतण्या. २०२३ ची धनतेरस १० नोव्हेंबरला होती. त्याआधी ३० ऑक्टोबरला त्यांनी ३६५ दिवसांचा प्लॅन घेतला. २०२४ ला धनतेरस आली २९ ऑक्टोबरला. तिथी अलीकडे सरकली, प्लॅन मात्र दिवस मोजून चालतो. २०२४ लीप वर्ष, म्हणून त्याचा शेवटचा दिवस २८ ऑक्टोबर होता. आठवण करून देणारे मेसेज नोकरी सोडून गेलेल्या पोराच्या नंबरावर जात होते.

आदल्या रात्रीचं शेवटचं बिल २१८७. सकाळी सिंक बंद, म्हणून दोन्ही गल्ल्यांनी आपापलं पहिलं बिल २१८८ म्हणूनच फाडलं आणि दोघंही तसेच पुढे मोजत गेले. दुपारी एक बाई कढई बदलायला आल्या. त्यांच्या कागदावर नंबर २२०३. काकांनी कॉम्प्युटरवर २२०३ उघडलं, तर तिथे कोणाच्या तरी तांब्याच्या लोट्याचं बिल! "बाईचं बिल दिसूनच नाही राहिलं," म्हणून त्यांनी मला फोन केला. मागून पुतण्याचा आवाज आला, "अ‍ॅप काढून परत टाकतो, काका."

तेवढं मी आधी थांबवलं. सिंक न झालेली बिलं फक्त त्या मोबाईलात असतात. अ‍ॅप काढलं किंवा त्याचा डेटा पुसला की तीही जातात. काही अ‍ॅपांत लॉगआउट केल्यानेही जातात, म्हणून तेही नको. काकांना लगेच पैसे भरून प्लॅन चालू करायचा होता. भर गर्दीत तेही नको म्हटलं. सिंक सुरू होताच एकाच नंबरची दोन बिलं सर्व्हरवर धडकतात. मग एखादं अ‍ॅप दुसऱ्याला परस्पर नवा नंबर देतं, एखादं दोन्ही तशीच ठेवतं, आणि गिऱ्हाइकाच्या हातातला कागद कशाशीच जुळत नाही.

पुतण्याला सेटिंगमध्ये बिलाच्या नंबराआधी M/ लावायला सांगितलं. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे एका आर्थिक वर्षात बिल नंबर दुबार चालत नाही, पण वेगवेगळ्या मालिका चालतात. नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा हवा. त्यानंतरची विक्री बिनघोर झाली. मागे राहिली मोबाईलवरची २१८८ ते २२२६, म्हणजे ३९ बिलं.

रात्री शटर ओढल्यावर आधी दोन्हीकडचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेतला आणि दोन्ही याद्या एक्सेलमध्ये काढल्या. त्या ३९ बिलांना मोबाईलवरच M/ लावलं आणि जुना नंबर, नवा नंबर अशी यादी वहीत लिहिली. मग प्लॅन भरला. आधी कॉम्प्युटर सिंक केला, तो पूर्ण झाल्यावर मोबाईल. ताळा घेतला बँकेतल्या यूपीआय जमेशी आणि गल्ल्यातल्या रोकडीशी. यूपीआयचे पैसे बिलाच्या अ‍ॅपातून जात नाहीत, म्हणून त्या आकड्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा.

त्या ३९ मध्ये दोन बिलं जीएसटी नंबरवाल्यांची होती, एक मेसवाले आणि एक केटरर. त्यांची बिलं विवरणात नंबरानिशी जातात आणि त्यावरच त्यांना कराची वजावट मिळते. म्हणून दोघांनाही त्याच रात्री कळवून, जुना कागद परत घेऊन नव्या नंबराचं बिल दिलं. जीएसटीआर-१ हे महिन्याचं विवरण पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरायचं असतं, त्यामुळे सवड होती.

आता काका सकाळी दिवा लावला की दोन्ही गल्ल्यांवर 'शेवटचं सिंक' किती वाजताचं आहे ते पाहतात. ती वेळ कालची असेल, तर इंटरनेट तपासायच्या आधी प्लॅनची तारीख पाहतात.

अ‍ॅप आधीच काढून टाकलं असेल, तर छापील बिलांच्या दुसऱ्या प्रती, व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकांना पाठवलेल्या पीडीएफ आणि यूपीआयचं स्टेटमेंट घेऊन या. त्यातून बिलं पुन्हा हातानं भरता येतात. रोखीची, प्रत न ठेवलेली बिलं मात्र त्यातून निघत नाहीत.